एका अक्षरासाठी राजपत्र? पासपोर्टवरच्या चुकीच्या नावाचे गैरसमज

समजा, दहा वर्षांपूर्वीच्या पासपोर्टवर Dipak Shelake छापून आले आहे, पण दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पॅनवर Deepak Shelke आहे. आता मुदत संपत आली, तेव्हा अर्जात बरोबर स्पेलिंग टाकले की काम झाले, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. री-इश्यूचा अर्ज भरताना कारण म्हणून Change in Existing Personal Particulars निवडून नावात बदल हवा असल्याचे सांगावे लागते. नुसती मुदत संपल्याचे कारण दिले, तर जुने नाव आणि नवे नाव जुळत नाही म्हणून अर्ज केंद्रातच अडकतो. दुरुस्तीसाठी वेगळी फी नाही. प्रौढांच्या ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १५०० रुपये, तीच लागते.

दुसरा समज आधारचा. लोक आधी आधार दुरुस्त करतात आणि तेवढ्यावर केंद्रात जातात. पण काल बदललेले आधार एवढेच सांगते, की आज हे नाव वापरात आहे. ‘अ’ काउंटरवर कागद स्कॅन होतात, ‘ब’वर तपासले जातात आणि मंजुरी ‘क’वरचा अधिकारी देतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो: चूक पासपोर्टवर झाली, की नाव नंतर बदलले? याचे उत्तर पहिल्या पासपोर्टच्याही आधीचा कागदच देऊ शकतो. म्हणून दीपकच्या हातातला सर्वात वजनदार पुरावा दहावीचे प्रमाणपत्र. त्याच स्पेलिंगचा जन्मदाखला असेल तर उत्तमच. पॅन, आधार, मतदार ओळखपत्र हे त्यांच्यामागे उभे राहणारे साक्षीदार.

खरी पंचाईत होते ती जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या कागदावर दुसरेच स्पेलिंग असले की. तेव्हा पासपोर्टच्या रांगेत लागण्याआधी मूळ कागद दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. जन्मदाखल्यातली लेखनिकी चूक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक दुरुस्त करू शकतो.

नोटरीचे प्रतिज्ञापत्र? ते अर्जदाराचे स्वतःचेच म्हणणे. जोडीला चालते, एकटे पुरत नाही.

राजपत्राची भीतीही बरीच अनाठायी आहे. दीपकसारख्या एक-दोन अक्षरांच्या दुरुस्तीला जुने कागद एकमेकांशी जुळत असतील, तर सहसा राजपत्र लागत नाही. दीपकचा ‘दिगंबर’ करायचा असेल तर गोष्ट निराळी. लग्नानंतरच्या आडनावासाठी विवाह प्रमाणपत्र पुरते.

दुरुस्ती जुन्या पुस्तिकेत खाडाखोड करून होत नाही. नव्या क्रमांकाची पुस्तिका मिळते आणि जुनी रद्द होऊन परत येते. तिच्यात चालू व्हिसा असेल, तर त्यावरचे स्पेलिंग जुनेच राहते. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडे याची चौकशी करावी.