पेट्या जुळल्या, पण माल जुळला का?

मंडळी, आपल्या जांभूळच्या गोदामात गाडी धक्क्याला लागली की पहिला गैरसमज तिथेच होतो. पेट्या मोजल्या, चलनाशी जुळल्या, म्हणजे माल आला, असं आपण धरून चालतो. मोजायचे असतात नग. समजा 40 पेट्या आल्या. संगणकात एका पेटीत 24 नग अशी नोंद आहे, पण कंपनीने नव्या लॉटपासून पेटी 20 नगांची केली. आपण ‘40 पेट्या’ भरल्या की स्टॉक 960 दिसतो, रॅकवर मात्र 800 नग. पेटी एकही कमी नाही, तरी 160 नग नुसते कागदावर आहेत आणि त्यावर ऑर्डरी घेतल्या जात आहेत. म्हणून प्रत्येक लॉटची निदान एक पेटी उघडा, लेबलवरचा पॅक वाचा, आतले नग मोजा. मगच एंट्री.

दुसरा समज: आत्ता सही करू, कमी निघालं तर नंतर फोन करू. ड्रायव्हरला काटई-बदलापूर रस्त्यावरची गर्दी टाळायची असते, हे मला कळतं. पण कोरी पोच दिली की माल पूर्ण मिळाला, असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. मग दोन पेट्या आपल्या दारात कमी होत्या हे दाखवायचं कशाने? ‘38 मिळाल्या, 2 कमी, 1 भिजलेली’ असं पोचेवर लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, गाडी उभी असतानाच फोटो काढा. आणि ऑफिसला त्याच दिवशी सांगा. 2007च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा करायचा तर माल बुक झाल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

रोजची मोजणी म्हणजे आपल्यावर संशय, असं काहींना वाटतं. तसं नाही. वर्षाअखेर तफावत निघाली तर ती कुठल्या गाडीची, कुठल्या दिवसाची, हे शोधायला जागाच उरत नाही. काल मोजलेल्या रॅकवर आज फरक आला, तर फक्त एका दिवसाचे कागद चाळायचे असतात.

एकूण आकडा जुळला म्हणूनही थांबू नका. लाल झाकणाचे डबे 12 कमी आणि निळ्याचे 12 जास्त असले तरी बेरीज बरोबरच येते. इथे चोरी नाही, उचलताना किंवा एंट्री करताना अदलाबदल झाली आहे. वस्तूनिहाय मोजलं तरच ती दिसते.

अख्खं गोदाम रोज मोजायचं नाही. जास्त खपाचे काही रॅक आणि काल रिकामे झालेले कप्पे, एवढेच. सकाळी पिकिंग सुरू होण्याआधी मोजा, कालच्या एंट्र्या पूर्ण आहेत ना ते आधी बघा. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दाखवू नका, नाहीतर नजर तोच आकडा शोधते. फरक आला तर दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. कारण सापडेपर्यंत संगणकातला आकडा कुणी बदलायचा नाही.