पगारवाढ ठरवताना

आमच्या मसाला केंद्रावर पाचजणी पगारावर आहेत. मार्च आला की पूर्वी आमच्याकडे एकच प्रश्न असायचा, "ताई, यंदा किती वाढवणार?" आणि जी जास्त बोलेल तिला जास्त मिळायचं. आता आम्ही ते बदललं आहे.

आधी पैसे ठरवतो, नावं नंतर. बोनस एकदाच द्यायचा असतो. पगारवाढ मात्र एकदा दिली की दर महिन्याला, दर वर्षी द्यावी लागते. म्हणून एखाद्या चांगल्या दिवाळीच्या विक्रीवर आम्ही ती ठरवत नाही. यंदा महिन्याला एकूण २,००० रुपये, म्हणजे वर्षाला २४,००० झेपतील, असा हिशेब निघाला. कायद्याचं किमान वेतन यात धरायचं नाही, ते आधीच द्यायला हवं.

त्यातले २०० रुपये प्रत्येकीला महागाईपोटी दिले, म्हणजे १,००० गेले. उरलेले कामावर. प्रत्येकीचं काम महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पुरं व्हावं, हे आम्ही मागच्या एप्रिललाच सांगून वहीत लिहिलं होतं. दहा किंवा जास्त महिने वेळेत झालं तर ३०० रुपये, आठ-नऊ महिने झालं तर १००, त्याखाली काही नाही. दोघींना ३००, दोघींना १०० मिळाले. ८०० झाले, २०० हातात ठेवले.

पाचवीचे सातच महिने भरले होते. ती साठा-वही सांभाळते. यादी फळ्यावर लावण्याआधी अध्यक्षा आणि आम्ही तिला एकटीला बसवून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, दोन महिने तर चक्कीच बंद होती. माल तयार नाही, तर वही कशी जुळवू?" आम्ही दुरुस्तीची बिलं काढून पाहिली. तिचं खरं होतं. ते दोन महिने तिच्या बाजूने धरले, नऊ झाले, आणि हातातल्या २०० मधून तिला १०० मिळाले.

तरी ती नाराज होतीच, कारण तिला ३०० हवे होते. "पुढच्या वर्षी बघू" असं आम्ही मोघम म्हटलं नाही. उशीर झालेले तीन महिने वहीत दाखवले. पुढच्या वर्षी दहा महिने वेळेत झाले तर ३०० चा हक्क लागेल, आणि ऑक्टोबरमध्ये आपण मिळून वही बघू, असं सांगितलं. दुसरीला किती मिळाले, त्याच्याशी तुलना केली नाही.

यातून आम्ही एक शिकलो. आधी ऐकायचं, मगच सही करायची. आणि थोडे पैसे हातात ठेवायचे, नाहीतर आपली चूक कळूनही ती सुधारता येत नाही.