पडद्यावरचं फूल कागदावर का कोमेजतं?

मंडळी, आज एकच फोटो घेऊन बोलू या. कास पठारावर ‘सीतेची आसवं’ नावाचं निळं-जांभळं इवलंसं फूल येतं. त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो आपल्याला रानफुलांच्या पुस्तकात छापायचा आहे. पडद्यावर तो झकास दिसतो. छापून आला की मात्र फूल वांग्याच्या रंगाचं, मळकट. मग आपण छापखान्याला बोल लावतो. पण बऱ्याचदा छपाई ठीकच झालेली असते.

आधी फोटोचं माप बघू. फोटो आहे ४००० बाय ३००० पिक्सेलचा. छपाईत चित्र बारीक ठिपक्यांनी उमटतं, आणि चांगल्या कागदावर साधारणपणे इंचात अशा ठिपक्यांच्या दीडशे ओळी बसतात. प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल धरायची रीत आहे, म्हणून इंचाला ३०० हा आकडा आला. ४००० भागिले ३००, म्हणजे तेरा इंचांहून जास्त. पुस्तकाचं पान साडेपाच इंच रुंद, तेव्हा चिंता नाही, असं वाटतं. पण फूल इवलंसं आहे ना! आजूबाजूचं गवत कापून फक्त फूल ठेवलं तर उरतात ९०० पिक्सेल, म्हणजे तीन इंच. चार इंच रुंद छापलं तर इंचाला २२५ पडतात. मॅपलिथोसारख्या खरखरीत कागदावर ठिपके जाडे असल्याने ते खपून जातं. पाच इंचांना मात्र १८० उरतात आणि पाकळीची कड मऊ पडायला लागते.

इथे एक फसवणूक होते. फोटोशॉपमध्ये `Image Size` उघडून ७२ च्या जागी कोणी ३०० लिहितं आणि काम झालं म्हणतं. तिथल्या `Resample` वर खूण असेल तर प्रोग्रॅम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. पाकळीवरच्या नसा त्यातून उगवत नाहीत. खूण काढा, मग ३०० लिहा. आता जी रुंदी दिसेल तेवढाच फोटो खऱ्या अर्थाने तुमच्याकडे आहे. आणि हो, व्हॉट्सॲपवरून फोटो मागवलात तर तो लहान होऊन येतो, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

आता रंगाकडे येऊ, खरी गंमत तिथेच आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश मिसळून तो रंग करतो, हे आरजीबी. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो, शाई त्यातला काही गिळते, आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांचा हा हिशेब म्हणजे सीएमवायके. शाई जितकी जास्त, तितका उजेड कमी. त्यामुळे काही रंग पडद्यावर असतात, पण या चार शायांतून निघतच नाहीत. गर्द निळा, पोपटी आणि झगझगीत केशरी हे त्यातले मुख्य.

आपलं फूल नेमकं यात सापडतं. निळा-जांभळा करायला आकाशीवर किरमिजी चढवावी लागते. खऱ्या शाया काही शुद्ध नसतात. किरमिजीने निळा उजेड सोडून द्यायला हवा, पण ती त्यातलाही थोडा गिळते. म्हणून निळा काळवंडतो आणि जांभळ्याकडे झुकतो. वर मॅपलिथो शाई शोषतो, ठिपका पसरतो, मधल्या छटा आणखी गडद होतात. आर्ट पेपरवर हे बरंच कमी होतं.

मग करायचं काय? मूळ आरजीबी फाईल जपून ठेवा, कारण एकदा सीएमवायकेत गेलेला रंग परत आरजीबी केल्याने मागे येत नाही. छापखान्याला विचारा, या कागदासाठी कोणतं कलर प्रोफाईल वापरता? ते `View > Proof Setup > Custom` मध्ये निवडा आणि `Simulate Paper Color` वर खूण करा. चित्र एकदम फिकं पडेल. दचकू नका, कागदावर साधारण असंच दिसणार आहे. पडद्याचा उजेडही कमी करून घ्या. शेजारी पांढरा कागद धरला तर दोन्ही सारखेच उजळ वाटले पाहिजेत.

मग प्रतीवर काम करा. प्रोफाईल लावून सीएमवायकेत नेलं की पाकळीतली किरमिजी थोडी उतरवा, काळी शिरली असेल तर काढा, मधल्या छटा जरा उजळा. फुलाचा रंग भडक करायच्या फंदात पडू नका. जो रंग शाईत नाही तो ओढूनताणून येत नाही. उलट पाकळी सपाट होते, नसा बुजतात. त्यापेक्षा मागच्या गवताचा हिरवा थोडा मंद करा. डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करतो, त्यामुळे तेच फूल अधिक निळं भासतं.

शेवटी त्याच कागदावर एक प्रूफ मागा आणि ते खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली निळा आणखीच मरतो, आणि नीट जमलेलं प्रूफही तुम्ही परत पाठवाल.