‘तांत्रिक अडचण’ म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारीची 2 तारीख होती. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची 36,400 पुस्तकांची यादी संगणकावर शोधता येईल अशी करून द्यायचं काम आमच्याकडे होतं. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तिचं उद्घाटन ठरलेलं. त्या दुपारी आमच्या लक्षात आलं की काम मार्चच्या मध्यापर्यंत काही पुरं होत नाही. वाचनालयाचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, ‘‘पत्रिका छापायला टाकू ना?’’

मी निरोप लिहायला बसलो. पहिला मसुदा असा होता: ‘काही तांत्रिक अडचणींमुळे थोडा विलंब होत आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ यात खोटं काही नव्हतं, पण पत्रिका छापायची की नाही, हे सरांना त्यावरून ठरवता आलं नसतं. दुसरा मसुदा ‘एन्कोडिंगमधली विसंगती’, ‘युनिकोड मायग्रेशन’ अशा शब्दांनी भरला. तोही शब्दशः खराच होता. पण तो वाचून सरांनी एवढंच धरलं असतं की, हे आपल्याला कळण्यातलं नाही, ही मंडळी सांगतील ते मान्य करायचं. दोन्ही खोडले आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन वाचनालयातच गेलो.

जाताना मनात एक उपमा घोळवली होती, जुन्या वाड्याची डागडुजी वगैरे. ती वापरली नाही हे बरं झालं. उपमा दिली की समोरचा माणूस उपमेबद्दलच प्रश्न विचारू लागतो आणि खरी गोष्ट बाजूला राहते. मी यादीची जुनी फाइल उघडली. ‘दुर्ग’ आणि ‘किल्ला’ हे शब्द असलेली एक ओळ निवडली आणि सरांना म्हटलं, ‘‘सर, या ओळीचा फॉन्ट बदलून साधा इंग्रजी करा.’’ त्यांनी केला. मराठी नाव गेलं आणि तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी उमटली.

‘‘म्हणजे आमची यादी मराठीत नव्हतीच?’’ सरांनी विचारलं.

खरोखरच नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजीचेच संकेत साठवतो. फॉन्ट फक्त त्या संकेतांच्या जागी मराठी आकार दाखवतो. म्हणून छापून निघालेला कागद अगदी शुद्ध दिसतो, पण शोधपेटीत ‘किल्ला’ टाइप केलं तर काही सापडत नाही. आज मोबाइलवर आपण लिहितो त्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. आमचं काम जुने आकार ओळखून हे क्रमांक देण्याचं.

त्यातली पहिली गोम लिहिण्याच्या क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच आधी टाइप होते आणि क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट आहे. ‘दुर्ग’मधला रफार जुन्या पद्धतीत गच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र् गच्या आधी. हे फिरवायला विसरलं की ‘दुर्ग’चा ‘दुगर्’ होतो. कुठल्या तरी फाइलमधून मजकूर उचलताना ‘मार्ग’चं ‘मागर्’ झालेलं पुष्कळांनी पाहिलं असेल, ते यामुळेच. हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याची सोय आम्ही केली होती.

उशिराचं कारण वेगळं होतं आणि ते आमच्या बाजूचं होतं. अंदाज बांधायला आम्ही 200 नोंदी तपासल्या, त्या यादीच्या शेवटच्या, म्हणजे अलीकडच्या. त्या सगळ्या एकाच फॉन्टमधल्या निघाल्या. पहिल्या 12,400 नोंदी मात्र आधीच्या टायपिस्टने दुसऱ्याच फॉन्टमध्ये केलेल्या. तिथे तोच संकेत वेगळ्या अक्षराचा. त्यात काही नोंदी मागाहून नव्या फॉन्टमध्ये दुरुस्त झालेल्या, आणि आम्ही यादी ज्या साध्या स्वरूपात बाहेर काढली त्यात कुठल्या ओळीचा फॉन्ट कोणता, ही माहितीच उरत नाही.

मी सरांना म्हटलं, ‘‘नमुना यादीच्या सगळ्या भागांतून घ्यायला हवा होता. तो आम्ही घेतला नाही. दोन फॉन्ट आहेत हे आम्हाला काल कळलं.’’ हे वाक्य मी घरून ठरवून नेलं होतं. ‘यादी दोन फॉन्टमध्ये होती’ एवढंच सांगून थांबलो असतो, तर तेही खरंच ठरलं असतं. पण त्याचा बोट दाखवणारा अर्थ वाचनालयाकडे वळला असता, आणि वीस वर्षांपूर्वी नोंदी करणाऱ्या त्या टायपिस्टची यात काहीच चूक नव्हती.

सर गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, ‘‘नोंदी गेल्या का?’’

हा प्रश्न येणार हे मी ओळखायला हवं होतं. सांगायला मी इथूनच सुरुवात करायला हवी होती. एकही नोंद गेलेली नव्हती. मूळ फाइलला आम्ही हात लावला नव्हता, काम तिच्या प्रतीवर चाललं होतं. दाखल नोंदवह्या कपाटात होत्या, पुस्तकांची देवघेव नेहमीसारखी चालू होती. हे ऐकल्यावर त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तारखांचं बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या फॉन्टचा प्रत्येक आकार हाताने जुळवून तक्ता बनवायला आठ दिवस लागणार होते. या वेळी सगळीकडून उचललेल्या 500 जुन्या नोंदींत 80 ठिकाणी शब्द मात्रेने सुरू होणं किंवा दोन वेलांट्या लागोपाठ येणं असं अशक्य काहीतरी दिसलं. त्या हिशेबाने 12,400 मध्ये सुमारे 2,000. दिवसाला 150 तपासल्या तर चौदा दिवस. खरी भीती त्यापुढची होती. ‘वन’चं ‘धन’ झालं तर शब्द बरोबरच दिसतो, संगणकाला शंका येत नाही. असे शब्द असलेली प्रत्येक नोंद वहीशी ताडून पाहावी लागणार, आणि त्या किती निघतील हे त्या दिवशी सांगता येत नव्हतं. म्हणून मी एक तारीख दिली नाही. 16 ते 23 मार्च असं सांगितलं, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी किती नोंदी झाल्या तो आकडा कळवीन, असं ठरवलं.

‘‘मग नवीन पुस्तकांची यादी तर तयार आहे ना?’’ सरांनी विचारलं. 24,000 नोंदी तयार होत्या. त्या घेऊन 27 तारीख साधता येईल, किंवा सगळं मार्चमध्ये एकदम करता येईल. निर्णय त्यांचा होता. दोन दिवसांनी कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी फाइल उघडून, स्वतः फॉन्ट बदलून सदस्यांना ती खिचडी दाखवली. तिथे मी नव्हतो. पत्रिका ठरल्याप्रमाणे छापल्या गेल्या.

उद्घाटनाच्या दिवशी संगणकाशेजारी सरांच्या अक्षरातली पाटी होती: ‘दाखल क्रमांक 12,400 पर्यंतची पुस्तके सध्या कार्डांच्या कपाटात शोधावीत. जुन्या नोंदींचे अक्षर तपासणे चालू आहे. 23 मार्चपर्यंत पूर्ण होईल.’ ती पाटी 21 मार्चला उतरली. 31 पुस्तकांची नावं तरीही लागली नाहीत, कारण वहीची ती पानं ओलीने पुसट झालेली होती. ग्रंथपाल बाईंनी ती पुस्तकं एकेक करून फडताळातून काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली.