‘अ‍ॅज पर माय लास्ट मेसेज’मधला काटा

कार्यालयीन ईमेलमध्ये ‘अ‍ॅज पर माय लास्ट मेसेज’ हे शब्द दिसले की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. शब्दांत वावगे काही नाही. ‘मागील संदेशात कळविल्याप्रमाणे’ एवढाच त्यांचा अर्थ. शिवाय आपल्याकडील कार्यालयीन इंग्रजीत ‘अ‍ॅज पर’ हा रोजच्या वापरातला प्रयोग आहे. ‘अ‍ॅज पर सर्क्युलर’ लिहिणाऱ्याच्या मनात राग नसतो. काटा असतो तो ‘माय लास्ट’मध्ये. मी सांगितले होते, तुम्ही वाचले नाही, असा ठपका त्यातून ठेवला जातो. पण तो उघड नसल्याने त्याला उत्तरही देता येत नाही.

मराठीत हेच काम ‘च’ करतो. ‘यापूर्वी कळविले आहे’ ही माहिती झाली. ‘यापूर्वीच कळविले आहे’ ही तक्रार. ‘आपणांस ज्ञात असेलच’ हा त्याचाच भाऊ. रोज ‘तुम्ही’ म्हणणारा सहकारी अचानक ‘आपण’वर आला, तर तो आदर नसून अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका हॉटेलच्या लेखा विभागातील कर्मचारी 4 जून रोजी खरेदी विभागाला ईमेल पाठविते. त्यात चार विषय असून अगदी शेवटी, चादरी पुरविणाऱ्याच्या 18,400 रुपयांच्या बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही, असे लिहिले आहे. आठवडा जातो. पुरवठादाराचे फोन लेखा विभागाला येऊ लागतात. 11 जूनला ती लिहिते: ‘मागील ईमेलमध्ये स्पष्टपणे नमूद केल्याप्रमाणे, क्रमांक अद्याप मिळालेला नाही.’ तासाभरात उत्तर येते: ‘आमच्याकडे इतरही कामे आहेत.’ क्रमांक मात्र येत नाही. त्या एका वाक्यात मागणी आणि दोषारोप असे दोन ऐवज होते, आणि उत्तर मिळाले ते दोषारोपाला.

असे वाक्य ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. संशयित शब्द काढून टाकावेत आणि मागणीत काही उणे पडते का ते पाहावे. वरील वाक्यातून ‘मागील ईमेलमध्ये स्पष्टपणे नमूद केल्याप्रमाणे’ काढले तरी काहीच बिघडत नाही. म्हणजे ते शब्द केवळ त्रागा वाहून नेत होते. दुसरी उणीव यातूनच उघडी पडते. कोणते बिल, कोणता क्रमांक, कधीपर्यंत, यांपैकी काहीच त्या वाक्यात नाही. वाचणाऱ्याने जुना ईमेल शोधावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

उपाय जुन्या मराठी दप्तरी पत्रातच सापडतो. तेथे मजकुरापूर्वी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळी असतात. मागच्या पत्राची तारीख संदर्भात जाते, त्यामुळे मजकुराला जुने उगाळावे लागत नाही. त्याच पद्धतीने हा ईमेल असा होईल:

विषय: चादरींचे बिल, खरेदी आदेशाचा क्रमांक 13 जूनपर्यंत हवा
संदर्भ: 4 जूनचा ईमेल

‘चादरींच्या 18,400 रुपयांच्या बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही. त्याशिवाय रक्कम देता येत नाही आणि पुरवठादार रोज विचारणा करीत आहे. कृपया क्रमांक 13 जूनच्या दुपारी 3 पर्यंत कळवावा. आदेश निघाला नसल्यास तसे कळवावे, म्हणजे पुरवठादाराला त्याप्रमाणे सांगता येईल.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. उत्तर न येण्यामागे पुष्कळदा आळस नसतो, अडचण असते. आदेशच निघाला नसेल तर ते कबूल करण्यास येथे वाट मिळते.

‘जेंटल रिमाइंडर’चेही असेच आहे. ‘जेंटल’ लिहावे लागले, यातच सौम्यता संपल्याची कबुली येते. त्याऐवजी नुसते ‘स्मरणपत्र’ आणि तारीख पुरेशी. वरिष्ठांना मधूनच सीसीमध्ये घेणे हा तर एकही शब्द न वापरता दिलेला टोमणा. घ्यायचेच असेल तर कारण उघड लिहावे: ‘रक्कम मंजुरीसाठी व्यवस्थापकांना या ईमेलमध्ये जोडले आहे.’

मात्र तटस्थ भाषा म्हणजे नोंद पुसणे नव्हे. कराराची अट किंवा सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेथे ‘12 मे रोजीच्या ईमेलने ही अट कळविली होती’ असे तारखेसह लिहावेच. पुढे वाद झाल्यास ‘वारंवार सांगूनही’ यापेक्षा ती तारीख अधिक उपयोगी पडते. आणि असे दोन ईमेल जाऊनही उत्तर आले नाही, तर तिसरा लिहिण्यापेक्षा फोन उचलावा किंवा जिना उतरून खरेदी विभागात जावे; बोलणे झाल्यावर ठरले ते दोन ओळींत ईमेलने कळवावे.