सेकंदाला दहा घनमीटर: कालव्याचा काटछेद कसा ठरतो

दख्खनच्या पठारावरच्या एखाद्या मध्यम धरणाचा शाखा कालवा डोळ्यांसमोर आणा. लाभक्षेत्रातली पिके, पाळ्यांचे अंतर आणि वाटेतला पाझर यांचा हिशेब करून अभियंत्यांनी ठरवले आहे की पाण्याची ओढ सर्वांत जास्त असेल त्या पंधरवड्यात या कालव्याने सेकंदाला १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५० क्युसेक पाणी वाहून न्यावे. तळाचा उतारही ठरला आहे: ४००० मीटरला १ मीटर, म्हणजे किलोमीटरला २५ सेंटिमीटर. कालव्याला काँक्रीटचे अस्तर करायचे आहे. आता तळ किती रुंद ठेवायचा आणि पाणी किती खोल वाहील, एवढेच शोधायचे उरले आहे.

उतार आधी का ठरतो, हे अगोदर पाहू. कालव्याच्या पातळीच्या वरची जमीन पाटाच्या पाण्याने भिजत नाही. उतार दुप्पट केला तर पाणी वेगाने वाहील आणि छोट्या काटछेदात भागेल, खोदाई आणि काँक्रीटही वाचेल. पण २० किलोमीटरवर कालव्याचा तळ पाचऐवजी दहा मीटर खाली उतरलेला असेल, आणि त्या पाच मीटरच्या पट्ट्यातले शेतकरी कायमचे कोरडवाहू राहतील. म्हणून उतार जमीन आणि लाभक्षेत्र पाहून ठरवतात, आणि काटछेद त्याच्याशी जुळवून घेतो.

काटछेदाचा आकार समलंब असतो. तळ सपाट आणि दोन्ही बाजू बाहेर कललेल्या. हा कल मातीच्या स्वभावातून येतो. अस्तराचे काँक्रीट जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर जाड असते. ते धारक भिंतीसारखे मागची माती तोलून धरत नाही, स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या मातीवर नुसते टेकलेले असते. त्यामुळे माती ओली झाली तरी घसरणार नाही इतका कल द्यावा लागतो. आपल्या कालव्यात दर एक मीटर उंचीला दीड मीटर आडवे अंतर धरू.

पाण्याच्या वेगासाठी आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेले सूत्र आजही जगभर वापरले जाते:

V = (1/n) R^(2/3) S^(1/2)

इथे V म्हणजे वेग आणि S म्हणजे उतार, आपल्याकडे १/४०००. R ला जलीय त्रिज्या म्हणतात. पाण्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ घ्यायचे आणि पाणी ज्या लांबीवर काँक्रीटला टेकते त्या ओल्या घेराने भागायचे. घेर जितका कमी, तितके घर्षण कमी आणि वेग जास्त. n हा पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा अंक. जागेवर ओतून थापीने गुळगुळीत केलेल्या काँक्रीटसाठी तो साधारण ०.०१५ ते ०.०१८ धरतात. आपण ०.०१८ घेऊ. वेगाला क्षेत्रफळाने गुणले की विसर्ग मिळतो.

अडचण अशी की खोली मिळवायला वेग हवा आणि वेग मिळवायला खोली हवी. म्हणून खोली अंदाजाने धरून विसर्ग काढत जातात. तळ ३ मीटर रुंद धरू. पाणी दीड मीटर खोल धरले तर विसर्ग ६.६ येतो, फार कमी. दोन मीटर धरले तर ११.७, म्हणजे जास्त. उत्तर मध्ये कुठेतरी आहे. १.८५ मीटरला क्षेत्रफळ १०.६८ चौरस मीटर, ओला घेर ९.६७ मीटर आणि जलीय त्रिज्या १.१० मीटर येते. वेग सेकंदाला ०.९४ मीटर आणि विसर्ग १०.०३. हिशेब जुळला.

पण तळ तीनच मीटर का? इथे पाठ्यपुस्तक आणि प्रत्यक्ष काम यांची थोडी फारकत होते. गणिताने सर्वांत काटकसरीचा, म्हणजे कमीत कमी ओल्या घेराचा काटछेद शोधता येतो. आपल्या उदाहरणात त्याचा तळ अवघा १.३६ मीटर आणि खोली २.२४ मीटर येते. त्याचा ओला घेर ९.४३ मीटर, आपला ९.६७. म्हणजे 'सर्वोत्तम' आकार सोडल्याचा दंड दर मीटर लांबीला फक्त २४ सेंटिमीटर अस्तर, अडीच टक्के. बदल्यात पाण्याची खोली ३९ सेंटिमीटरने कमी झाली. दख्खनमध्ये थोडे खोदले की मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, आणि कातळ फोडायचा दर मातीच्या खोदाईपेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय सव्वा मीटरच्या चिंचोळ्या तळात ना यंत्राने नीट दबाई करता येते, ना पुढे गाळ काढता येतो. काटकसरीच्या बिंदूच्या आसपास खर्चाचा आलेख जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे अभियंत्याला तिथे मोकळीक असते, आणि ती तो जमिनीच्या सोयीसाठी वापरतो.

आता वेगाची तपासणी. ०.९४ मीटर हा वेग काँक्रीट झिजवणारा नाही. भारतीय मानकांत काँक्रीटच्या अस्तराला सेकंदाला २.७ मीटरपर्यंत मुभा आहे. तो इतका मंदही नाही की सगळा गाळ तळाशी बसावा. पाण्याच्या पातळीवर मोकळी उंची ठेवावी लागते. वाऱ्याच्या लाटा, खालचे दार अचानक बंद झाल्यावर वर चढणारे पाणी, काठावरून आत घुसणारा पावसाचा लोंढा, या सगळ्यांसाठी ती राखीव. मानकांनुसार ३ ते १० घनमीटरच्या कालव्याला ६० सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्याला ७५. आपला कालवा नेमका सीमेवर आहे, म्हणून ७५ घेऊ. अस्तराची उंची २.६० मीटर झाली आणि वरची रुंदी १०.८० मीटर. तळ आणि दोन्ही बाजू धरून दर मीटरला १२.३७ मीटर अस्तर लागते. ८ सेंटिमीटर जाडीने किलोमीटरला सुमारे ९९० घनमीटर काँक्रीट.

कागदावरचे काम इथे संपते. जमिनीवर पहिला घात पाणीच करते, तेही मागच्या बाजूने. पावसाळ्यात किंवा लांबलेल्या आवर्तनात काठाची माती भिजून राहते. मग कालवा झटकन रिकामा केला तर आतले पाणी जाते आणि अस्तरामागचे तसेच राहते. ८ सेंटिमीटर काँक्रीटचे वजन चौरस मीटरला १९२ किलो भरते. त्याखाली साचलेल्या पाण्याची पातळी फक्त २० सेंटिमीटर वर असली, तरी दाब २०० किलो होतो आणि तळाचा पत्रा अलगद उचलला जातो. यावर जाडी वाढवणे हा उपाय नव्हे. अस्तराखाली निचऱ्याचा थर, दाब सोडणारे झडप आणि कालवा हळूहळू उतरवण्याची शिस्त, हेच उपाय.

दुसरा घात काळ्या मातीचा. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि दोन्ही वेळा अस्तर तोडते. आयआयटी मुंबईतले मृदा-अभियंते डॉ. आर. के. कट्टी यांनी यावर मार्ग दाखवला. फुगणारी माती काही खोलीपर्यंत काढायची आणि तिथे न फुगणारी, पण चिकटून राहणारी माती थराथराने दाबून बसवायची. आपल्याकडे योग्य मुरूम या कामी येतो. आपल्या आकाराच्या कालव्याला हा थर, मातीच्या फुगण्याच्या जोराप्रमाणे, पाऊण ते एक मीटर जाड लागतो. म्हणजे खोदाई करताना अस्तराच्या रेषेबाहेर तेवढी जागा आधीच धरावी लागते. अंदाजपत्रकात हा थर विसरला, की काँक्रीटला पडलेल्या भेगांचे खापर काँक्रीटवर फुटते.

तिसरी चूक बारीक दिसते आणि मोठी निघते. उतार किलोमीटरला २५ सेंटिमीटर असताना पातळी लावण्यात ५ सेंटिमीटरची गफलत झाली आणि तो २० उरला, तर विसर्ग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्याच १.८५ मीटर खोलीत १० ऐवजी सुमारे ९ घनमीटर वाहतील. जवळजवळ एक हजार मीटर लांबीत बोटांच्या तीन पेरांएवढी चूक, आणि दहावा हिस्सा पाणी गेले.

पण कालव्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त बदलतो तो n. नव्या अस्तराचा ०.०१८ कायम राहत नाही. सांधे उघडतात, पत्रे खचतात, तळाला गाळ बसतो, सांध्यांतून गवत आणि बेशरम उगवते. n ०.०२२ झाला तर १.८५ मीटर खोलीत १० ऐवजी ८.२ घनमीटर वाहतात. दहा वाहवायचेच ठरवले तर पाणी २.०४ मीटरवर चढते आणि मोकळी उंची ७५ वरून ५६ सेंटिमीटरवर येते. अस्तर पार उखडून कालवा मातीच्या पाटासारखा झाला आणि n ०.०२५ वर गेला तर पाणी आणखी वर चढते.

कालव्यावर विसर्ग रोज मोजला जात नाही. मोजपट्टीवर खोली वाचतात आणि तक्त्यावरून विसर्ग लिहितात. तक्ता जुन्या n वर बेतलेला असेल, तर १.८५ पाहून नोंदवहीत १० घनमीटर चढतात आणि कालव्यात ८.२ वाहतात. हा फरक दिवसाला दीड लाख घनमीटरहून जास्त आहे. वहीत मात्र तो दिसतच नाही. तो दिसतो शेपटाला, जिथे पाणी पोहोचत नाही. मग वरचे शेतकरी उपसा करतात, दारे चोरून उघडतात, अशी शंका घेतली जाते. ती कधी खरीही असते. पण दोष देण्याआधी एकदा विसर्ग प्रत्यक्ष मोजावा. वेगमापक यंत्र घेऊन काटछेदाच्या अनेक ठिकाणी वेग घ्यायचा, त्याला त्या त्या तुकड्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि बेरीज करायची. मापलेला विसर्ग आणि खोली सूत्रात उलट भरली की कालव्याचा आजचा n मिळतो. तो ०.०१८ च्या बराच वर गेला असेल, तर पोलिस बंदोबस्त मागण्यापेक्षा गवत काढणे, गाळ उपसणे आणि उखडलेले पत्रे बसवणे, हे आधी करायचे.