दोह्याचं प्रूफ तपासताना

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांकात हिंदी विभाग असतो, आणि त्याची प्रुफं बहुतेक वेळा मराठी मुद्रितशोधकाच्याच टेबलावर येतात. गद्य असेल तर फारसं बिघडत नाही. कविता आली की मात्र दोन उलट धोके समोर असतात. खरी चूक ‘कवीची लकब असेल’ म्हणून सुटते, आणि कवीनं मुद्दाम वापरलेला शब्द चूक समजून दुरुस्त होतो. दोन्ही टाळायला शब्दकोश पुरत नाही. छंदातल्या कवितेत मात्रा मोजणं हा त्याहून भरवशाचा मार्ग आहे.

नमुन्यासाठी एक दोहा रचून घेतला आहे. समजा तो मोबाइलवर टाइप होऊन असा आला:

अगन पेट कि क्या कहुँ, नैनन सूखा नीर।
हंसकर काटी रात इक, सह ली सारी पीर॥

ऑटोकरेक्टवर विसंबणारा किंवा शाळेतली प्रमाण हिंदी डोक्यात असलेला माणूस इथे काय काय बदलेल? ‘अगन’चं ‘अग्नि’ करेल, ‘नैनन’चं ‘नयनों’, ‘इक’चं ‘एक’, ‘पीर’चं ‘पीड़ा’. ‘कि’ आणि ‘हंसकर’ यांना मात्र तो कदाचित हातही लावणार नाही. ‘कि’ हा हिंदीतला खरा शब्द आहे, आणि ‘हंसकर’ रोजच्या छपाईत सर्रास दिसतं. म्हणजे बरोबर होतं ते बिघडलं आणि चूक होती ती तशीच राहिली.

आता मोजून पाहू. दोह्याच्या प्रत्येक ओळीत आधी 13 मात्रा, मग यती, मग 11 मात्रा. लघु अक्षराची एक, गुरूच्या दोन, हे मराठी वाचकाला मात्रावृत्तांमुळे ठाऊक आहेच. पहिला चरण: अगन 3, पेट 3, कि 1, क्या 2, कहुँ 2. बेरीज 11, दोन मात्रा कमी. ‘पेटाची आग’ म्हणायचं तर इथे षष्ठीचा ‘की’ हवा, उभयान्वयी ‘कि’ नव्हे. तो दुरुस्त केला की 12 होतात. ‘कहुँ’चं ‘कहूँ’ केलं की 13. दोन्ही चुका टायपिंगच्या होत्या आणि दोन्ही मोजणीनं पकडून दिल्या.

दुसऱ्या ओळीत उलट घडतं. ‘हंसकर काटी रात इक’ मोजलं तर 14 भरतात. एक मात्रा जास्त दिसली की सहज ‘इक’वर संशय जाईल, कारण तोच शब्द अनोळखी वाटतो. पण ‘इक’च्या दोनच मात्रा आहेत. ‘एक’ केलं तर तीन होतील आणि चरण 15 वर जाईल. जास्तीची मात्रा ‘हं’मध्ये आहे. अनुस्वारानं अक्षर गुरू होतं, चंद्रबिंदूनं होत नाही. ‘हँसकर’ लिहिलं की चरण 13 वर येतो. आपल्या मराठी लेखनात चंद्रबिंदू अशा कामाला येत नाही, टिंबानंच भागतं, त्यामुळे आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. हिंदीत हंस म्हणजे पक्षी आणि हँसना म्हणजे हसणं. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या वर्तनी-नियमांतही कवितेत छंदासाठी चंद्रबिंदू योग्य जागी वापरावा असं सांगितलेलं आहे. ‘मैं’, ‘नहीं’ अशा शब्दांत शिरोरेषेच्या वर मात्रा किंवा वेलांटी असल्यानं टिंबच देतात. तिथे चंद्रबिंदू कोंबायला जाऊ नये.

‘पीर’चा निकालही लवकर लागतो. ‘पीड़ा’ केलं तर 11 च्या 12 मात्रा होतात, दोह्याच्या शेवटी लागणारा गुरू-लघु मोडतो आणि ‘नीर’शी जुळलेलं यमक जातं. एका दुरुस्तीत तीन गोष्टी मोडल्या, तेव्हा तो शब्द कवीनं जाणूनच ठेवलेला आहे.

खरी पंचाईत ‘अगन’ आणि ‘नैनन’ यांची. ‘अग्नि’च्याही तीनच मात्रा आणि ‘नयनों’च्याही चारच. मोजणी इथे गप्प बसते. अशा वेळी शेजारचे शब्द पाहावेत. अगन, नैनन, इक, पीर हे सगळे लोकगीतांतल्या, ब्रज-अवधीच्या वळणाचे आहेत. त्यांच्या मध्ये एकटा ‘अग्नि’ आणला तर छंद टिकेल, पण दोह्याच्या तोंडी ती भाषा शोभणार नाही. याउलट अख्खी कविता संस्कृतप्रचुर असेल आणि एकाच ठिकाणी ‘अगन’ आलं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तरीही बदल करू नये. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करावं आणि कवीला विचारावं. अशा सगळ्या शंका एकत्र करून एकदाच विचारलेल्या बऱ्या. दिवसातून चार फोन आले की कवी कंटाळून ‘करा तुम्हाला हवं तसं’ म्हणतो, आणि ती परवानगी काही कामाची नसते.

मराठी हाताची एक खास खोड इथे सांगायला हवी. तत्सम शब्दांतला शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, शक्ती, गुरू. हिंदीत तेच कवि, शक्ति, गुरु. मराठी कळफलकावर हिंदी कविता टाइप झाली की ही दीर्घ रूपं नकळत शिरतात आणि प्रत्येक ठिकाणी एक मात्रा वाढते. छंदातल्या कवितेत ती सापडते, मुक्तछंदात सापडत नाही. म्हणून मुक्तछंदाच्या प्रुफावर अशा शब्दांसाठी एक वेगळी फेरी मारावी.

मुक्तछंदात ओळ कुठे तोडली आहे हेच सर्वांत जपायचं. ठरलेल्या मात्रा नसल्यानं मोजून पडताळता येत नाही, आणि बरेच हिंदी कवी विरामचिन्हंही देत नाहीत. स्वल्पविरामाचं काम ओळ करते. पुन्हा एक रचलेला नमुना:

मैं लौटा नहीं
सिर्फ़ रास्ता
घर तक आया

मी परतलो नाही, फक्त रस्ता घरापर्यंत आला. आता जागा अरुंद म्हणून जुळणी करणाऱ्यानं ‘नहीं’ खालच्या ओळीत ढकललं, तर पहिल्या ओळीत ‘मैं लौटा’ एवढंच उरतं आणि पुढे ‘नहीं सिर्फ़ रास्ता’ येतं. मी परतलो, नुसता रस्ताच आला असं नाही. एकही अक्षर न बदलता अर्थ उलटला, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला यात काहीच वावगं दिसणार नाही.

ओळी बिघडतात त्या बहुधा नकल करताना. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात पानाच्या रुंदीमुळे वळलेली ओळही खरी तुटलेली म्हणून येते. उलट काही प्रोग्रॅम सगळ्या ओळी जोडून परिच्छेद करतात. वर्डमध्ये ¶ हे चिन्ह सुरू केलं की कुठे Enter मारलेलं आहे आणि कुठे ओळ नुसती जागेअभावी वळली आहे ते दिसतं. Shift+Enter नं तोडलेल्या ओळीला वाकडा बाण दिसतो. कडव्यातल्या ओळी Shift+Enter नं आणि कडवी Enter नं वेगळी ठेवली, तर पुढे मांडणी बदलताना कडव्यांमधलं अंतर विसकटत नाही. लांब ओळ रकान्यात मावतच नसेल, तर वळलेला तुकडा समासापासून आत सरकवून छापावा, म्हणजे वाचकाला ती एकच ओळ आहे हे कळतं. जोडून पडलेल्या मोकळ्या जागा एका झटक्यात काढून टाकण्याची सवय कवितेपुरती सोडावी, कारण आत सरकवलेली ओळ कधी कधी त्या जागांवरच उभी असते.

हे सगळं पडताळायचं ते कवीच्या हस्तलिखिताशी, निदान त्याच्या फोटोशी. म्हणून संपादकांना एक विनंती आहे: हिंदी कविता प्रुफाला पाठवताना टाइप केलेल्या मजकुरासोबत मूळ पानाचा फोटो आणि कवीचा फोन नंबर दोन्ही द्या, आणि मुद्रितशोधकाला त्यासाठी एक दिवस जास्त द्या.